फुटाच्या खुणेनं अडलेलं बिल

मृग तोंडावर आला होता. लातूरच्या गंजगोलाईजवळ पाइप, मोटारी आणि तुषार संच विकणारं एक दुकान आहे. त्याचं बिलाचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलं होतं. दुपारी मुनीमजींचा फोन आला. "सर, बिलच निघंना गेलंय. मालाचं नाव टाकलं की इंग्रजीत लाल अक्षरं यायलीत." कुठलं नाव टाकलं, विचारलं. "वीस फुटी पाइप, दुसरं काय!"

मी घरून 'वीस फुटी पाइप' टाकून पाहिलं. काही सापडलं नाही, पण लाल अक्षरंही आली नाहीत. दुकानात गेल्यावर उलगडा झाला. मुनीमजी 'फुटी' हा शब्द लिहितच नव्हते. वहीत आयुष्यभर लिहीत आले तसंच त्यांनी आकड्याच्या डोक्यावर एक बारीक रेघ दिली होती: `20' पाइप`. त्या रेघेचा अर्थ फूट, हे दुकानातल्या हमालालाही कळतं. डेटाबेसनं मात्र तिचा वेगळाच अर्थ लावला. माझी ओळ अशी होती:

```
$sql = "SELECT nav, bhav FROM maal WHERE nav = '" . $shodh . "'";
```

डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणात ठेवतात. पहिलं चिन्ह दिसलं की मजकूर सुरू, दुसरं दिसलं की संपला. मी शोधलेलं मालाचं नाव दोन चिन्हांच्या मध्ये चिकटवत होतो आणि तयार झालेलं अख्खं वाक्य डेटाबेसकडे धाडत होतो. मुनीमजींनी टाकलेल्या नावानं वाक्य झालं ते हे:

```
SELECT nav, bhav FROM maal WHERE nav = '20' पाइप'
```

मजकूर 20 वरच संपला. पुढचं 'पाइप' हे डेटाबेसच्या लेखी वाक्याचाच शब्द ठरलं, आणि तो तिथं बसेना. म्हणून `You have an error in your SQL syntax`. आलेल्या वाक्यातला कुठला भाग मी लिहिला आणि कुठला मुनीमजींनी, हे डेटाबेसला कळायला काही मार्गच नव्हता. त्याच्यासमोर अक्षरांची एकच सलग माळ होती.

इथवर ही नुसती कटकट. पण तीच ओळ मी आणखी एका पानावर वापरली होती. पंचक्रोशीतले शेतकरी त्या पानावर मोबाइलवरून भाव बघायचे. रात्री घरच्या प्रतीवर मी शोधाच्या चौकटीत मालाऐवजी हे टाकलं:

```
x' UNION SELECT nav, udhari FROM khatedar -- 
```

पहिल्या चिन्हानं मजकूर बंद केला. `UNION` म्हणजे या यादीखाली दुसरी यादी जोड. माझ्या प्रश्नात दोन रकाने होते, म्हणून इथंही दोनच मागितले; संख्या जुळली नाही तर डेटाबेस नकार देतो, पण आधी एक, मग दोन, मग तीन करून बघायला कितीसा वेळ लागतो? शेवटच्या दोन आडव्या रेघा आणि मोकळी जागा म्हणजे 'यापुढचं वाचू नकोस'. माझं उरलेलं अवतरणचिन्ह त्यात गडप झालं. पानावर 'मालाचं नाव' आणि 'भाव' या मथळ्यांखाली सगळ्या खातेदारांची नावं आणि उधारी एकाखाली एक आली. कुणाची किती बाकी, ही गोष्ट गावात सख्ख्या भावापासूनही झाकून ठेवतात. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो.

या चोरवाटेला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि ती काही नवी नाही. संगणक सुरक्षेचे अभ्यासक जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ सालीच ती जाहीरपणे लिहून ठेवली होती. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड झाला. भोक होतं ते जुन्या पानांत. दुसरी कंपनी विकत घेताना ती पानं सोबत आली होती आणि अजून चालू आहेत याचाच टॉकटॉकला पत्ता नव्हता.

माझा पहिला इलाज अडाणीपणाचा होता: येईल त्या मजकुरातून एकेरी चिन्हं काढून टाकायची. लाल अक्षरं गेली. पण `20' पाइप` चा `20 पाइप` झाला आणि यादीत तसा माल नव्हता. शिवाय खाते क्रमांकाच्या चौकटीत ही युक्ती फुकट गेली. तिथं आकडा अवतरणाशिवायच जातो, `WHERE khate = 5` असा. तिथं कुणी `5 OR 1=1` लिहिलं तर एकही चिन्ह न वापरता सगळी खाती उघडतात, कारण एक बरोबर एक हे प्रत्येक ओळीला खरंच असतं.

दुखणं चिन्हाचं नव्हतंच. ते चिकटवण्याचं होतं. म्हणून चिकटवणंच बंद केलं:

```
$q = $db->prepare("SELECT nav, bhav FROM maal WHERE nav = ?");
$q->execute([$shodh]);
```

त्या प्रश्नचिन्हाच्या जागेला पॅरामीटर म्हणतात. आता डेटाबेसकडे दोन खेपा होतात. पहिल्या खेपेत फक्त माझं वाक्य जातं. डेटाबेस त्याचं व्याकरण लावतो, रकाने कुठले, तक्ता कुठला, अट कशावर, आणि अटीत एक किंमत यायची आहे हे नोंदवून ठेवतो. वाक्याचा अर्थ इथं ठरून जातो. दुसऱ्या खेपेत नुसती किंमत येते, तीही लांबी सांगून: पुढचे १६ बाइट मजकुराचे. (`20'` चे तीन, मोकळ्या जागेचा एक आणि 'पाइप'च्या चार देवनागरी चिन्हांचे प्रत्येकी तीन.) मजकूर कुठं संपतो हे लांबीच सांगते, म्हणून अवतरणचिन्ह शोधायची गरजच उरत नाही. `UNION`वाली ओळ आता टाकली तर डेटाबेस त्या लांबलचक नावाचा माल शोधतो आणि मिळाला नाही म्हणून रिकामी यादी देतो.

यात एक मेख आहे. मी लिहितो त्या पीएचपी भाषेतलं पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा भाग, मायएसक्यूएल या डेटाबेससोबत वापरलं, तर सांगितल्याशिवाय या दोन खेपा होतच नाहीत. चिन्हांची काळजी घेऊन ते किंमत आपल्याच बाजूला वाक्यात भरतं आणि एकच वाक्य पाठवतं. जोडणीचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, बरोबर असेल तर सहसा निभावतं, पण खऱ्या दोन खेपा हव्या असतील तर `PDO::ATTR_EMULATE_PREPARES` बंद करावं लागतं. मी केलं.

आणि पॅरामीटर फक्त किमतीच्या जागी बसतो. मालकांना यादी कधी नावानं लावून हवी असते, कधी भावानं. मी `ORDER BY ?` लिहून तिथं `bhav` पाठवलं. चूक दाखवली गेली नाही, पण यादीही लागली नाही. डेटाबेसनं 'bhav' हा रकाना न मानता नुसता शब्द मानला, आणि तोच शब्द प्रत्येक ओळीला असल्यावर क्रम कसला लागणार? रकान्याचं नाव वाक्याच्या सांगाड्यात येतं, ते पहिल्या खेपेतच ठरायला हवं. त्यामुळे तिथं मी दोनच नावं लिहून ठेवली, `nav` आणि `bhav`. आलेला शब्द या दोनांतला नसेल तर पुढं जाऊच द्यायचं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा फोन आला. "सर, महिन्याची यादी निघंना गेलीय." शोध ठीक, बिल ठीक, यादीच तेवढी अडली होती. ती यादी मालाची नावं आपल्याच डेटाबेसमधून वाचायची, आणि घरचीच नावं आहेत म्हणून मी ती पुढच्या प्रश्नात सरळ चिकटवली होती. `20' पाइप` आत सुखरूप पोचला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर तीच रेघ होती. ती ओळही बदलली, आणि मग अख्ख्या प्रोग्राममध्ये `"'"` शोधून प्रत्येक जागा हातानं तपासली. अकरा निघाल्या.