लायब्निझची अडचण आणि आंशिक अपूर्णांकांचे झटपट स्थिरांक

1702 साली लायब्निझ आणि योहान बर्नुली या दोघांनी जवळपास एकाच वेळी एक कल्पना छापून प्रसिद्ध केली. अंशात बहुपदी, छेदातही बहुपदी, अशा फलाचे संकलन करायचे असेल, तर आधी छेदाचे अवयव पाडावेत आणि मग त्या फलाची साध्या अपूर्णांकांच्या बेरजेत फोड करावी. एकेका अपूर्णांकाचे संकलन सोपे असते. छेदात x − a असेल तर लॉगरिदम येतो आणि x² + a² असेल तर व्यस्त टॅन येतो. त्या काळच्या भाषेत पहिले म्हणजे हायपरबोलाखालचे क्षेत्रफळ आणि दुसरे म्हणजे वर्तुळाचे. मग प्रश्न एवढाच राहिला की प्रत्येक परिमेय फलाचे संकलन या दोघांतच बसते का.

लायब्निझने उत्तर दिले, नाही. त्याने उदाहरण म्हणून x⁴ + a⁴ घेतले. त्याचे अवयव पाडताना आधी −1 चे वर्गमूळ आले आणि मग त्या वर्गमूळाचेही वर्गमूळ आले. या चार अवयवांतले कोणतेही दोन गुणले तरी काल्पनिक भाग जाणार नाही, असा त्याचा समज झाला. त्यामुळे 1/(x⁴ + a⁴) च्या संकलनासाठी एक नवीनच फल लागेल, असे त्याने मांडले. काल्पनिक संख्या म्हणजे असणे आणि नसणे यांच्या मधला जीव, असे वर्णन त्याने याच लेखात केले आहे. जुन्या मराठी गणितग्रंथांत संमिश्र संख्येला ‘सदसत् संख्या’ म्हटले आहे, त्या शब्दातही असणे आणि नसणे एकत्र येते.

चूक लहान होती. i चे वर्गमूळ (1 + i)/√2 आहे, म्हणजे ते साधी संमिश्र संख्याच आहे, आणि तिच्या जोडीदाराशी गुणल्यावर i निघून जातो. 1719 साली योहानचा पुतण्या निकोलाउस बर्नुली याने तर i ला हातच लावला नाही. त्याने पूर्ण वर्ग केला:

x⁴ + a⁴ = (x² + a²)² − 2a²x²

ही दोन वर्गांची वजाबाकी आहे, म्हणून x² + √2·ax + a² आणि x² − √2·ax + a² हे दोन वास्तव अवयव लगेच मिळतात. रॉजर कोट्स याने xⁿ ± aⁿ चे सर्व वास्तव अवयव वर्तुळाचे समान भाग करून काढून ठेवले होते, पण तो 1716 मध्येच वारला आणि ते काम 1722 मध्ये छापले गेले.

अवयव मिळाले तरी वरचे स्थिरांक काढायचे राहतातच. सरळ मार्ग असा की A, B, C धरायचे, छेद सारखा करायचा, x च्या प्रत्येक घाताचे सहगुणक जुळवायचे आणि समीकरणे सोडवायची. तीन अवयवांना तीन समीकरणे लागतात, आणि त्यांत एक चिन्ह चुकले की तिन्ही उत्तरे चुकतात. ऑयलरने 1748 च्या आपल्या ग्रंथात ही फोड पद्धतशीर मांडली. त्याने दाखवले की एकदाच येणाऱ्या अवयवाचा स्थिरांक बाकीच्यांची वाट न पाहता स्वतंत्रपणे काढता येतो. एक उदाहरण पाहू:

(4x² + 5x − 21) / ((x − 1)(x + 2)(x − 3)) = A/(x − 1) + B/(x + 2) + C/(x − 3)

दोन्ही बाजूंना x − 1 ने गुणले की डावीकडच्या छेदातून तो अवयव जातो, उजवीकडे A मोकळा होतो आणि B, C च्या पदांना x − 1 चिकटतो. आता x = 1 ठेवला की ती दोन्ही पदे शून्य होतात. हातानेच करायचे झाल्यास डावीकडचा x − 1 बोटाने झाकावा आणि उरलेल्यात 1 घालावा: A = (4 + 5 − 21)/(3 × −2) = 2. तसेच x = −2 घालून B = −15/15 = −1 आणि x = 3 घालून C = 30/10 = 3. संकलन 2 ln|x − 1| − ln|x + 2| + 3 ln|x − 3| + K.

पडताळाही फुकट मिळतो. दोन्ही बाजूंना x ने गुणून x खूप मोठा केला तर A + B + C ची बेरीज अंशातल्या x² च्या सहगुणकाएवढी यायला हवी. इथे 2 − 1 + 3 = 4, म्हणजे बरोबर.

या झाकण्याच्या रीतीला आज ऑलिव्हर हेव्हिसाइडचे नाव आहे. तारायंत्राच्या तारांतून विद्युतप्रवाह कसा जातो याची गणिते तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करत होता आणि त्यांत अशी फोड सतत लागे. पुढे विद्युत अभियंत्यांनी ती उचलली आणि नाव त्याचे पडले. मूळ तत्त्व मात्र ऑयलरचे आहे.

रीत फसते ती दोन ठिकाणी. अंशाची कोटी छेदाइतकी किंवा जास्त असली की आधी भागाकार करायलाच हवा. x³/((x − 1)(x + 2)) मध्ये थेट झाकले तर 1/3 आणि 8/3 मिळतात. हे दोन्ही आकडे बरोबर असतात आणि म्हणूनच चूक लपते, कारण x − 1 हा भागाकार पूर्ण हरवतो. x = 0 घालून बघा. डावीकडे 0 येतो, उजवीकडे −1/3 + 4/3 = 1. राहिलेल्या भागाकाराची x = 0 ला किंमत −1 आहे, तो मिळवला की दोन्ही बाजू जुळतात.

दुसरी जागा म्हणजे पुन्हा येणारा अवयव. (2x² + x + 3)/((x − 1)²(x + 2)) मध्ये (x − 1)² झाकून त्याचा स्थिरांक 6/3 = 2 आणि x + 2 झाकून 9/9 = 1 मिळतो. पण A/(x − 1) मधला A असा मिळत नाही. एकच x − 1 झाकला तर दुसरा छेदात राहतो आणि x = 1 ला शून्याने भागावे लागते. इथे मघाचा पडताळा कामाला लागतो: A + 1 = 2, म्हणून A = 1. सहगुणकांची समीकरणे मांडायची गरज पडत नाही.

छेदाचे अवयव न लिहिता स्थिरांक काढायचा असेल, तर त्याचे आणखी एक रूप आहे. अंश P, छेद Q आणि r हे Q चे साधे मूळ असेल तर स्थिरांक P(r)/Q′(r). झाकून उरलेल्या भागाची r पाशी किंमत Q′(r) एवढीच असते. हे सूत्र लायब्निझच्या उदाहरणाला लावू, a = 1 घेऊन. Q = x⁴ + 1, म्हणून स्थिरांक 1/(4r³). वर-खाली r ने गुणले आणि r⁴ = −1 ठेवले की तो −r/4 होतो. एका ओळीत चारही स्थिरांक मिळाले. r = (1 + i)/√2 आणि त्याचा जोडीदार यांची पदे एकत्र केली की i जातो:

1/(x⁴ + 1) = (2 + √2·x) / (4(x² + √2·x + 1)) + (2 − √2·x) / (4(x² − √2·x + 1))

x = 0 ला 1/2 + 1/2 = 1. आता प्रत्येक अंशातून छेदाच्या विकलनाचा भाग वेगळा काढला की संकलन असे येते:

(1/(4√2)) ln((x² + √2·x + 1)/(x² − √2·x + 1)) + (1/(2√2)) (tan⁻¹(√2·x + 1) + tan⁻¹(√2·x − 1)) + K

पहिले पद हायपरबोलाचे, दुसरे वर्तुळाचे. तिसरे फल लागले नाही.