वर्तुळ किती फुगवायचं?

गावाच्या लोकसंख्येनुसार लहानमोठी वर्तुळं काढण्याची रीत आयर्लंडच्या रेल्वे अहवालासाठी १८३७ साली केलेल्या नकाशांत दिसते. लोकसंख्या क्षेत्रफळात दाखवायची, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात: `r = k·√P`. पुढे शंभरेक वर्षं यावर फारसा वाद नव्हता.

२०११ च्या जनगणनेत सातारा शहर १.२० लाख आणि बृहन्मुंबई १.२४ कोटी, म्हणजे जवळपास १०३ पट. साताऱ्याचं वर्तुळ २ मिमी व्यासाचं धरलं तर मुंबईचं साधारण २०.३ मिमी येतं. व्यासच लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवला तर २०७ मिमी होईल. ए-फोर कागदाच्या रुंदीत मावतं न मावतं!

वाद १९५६ नंतर सुरू झाला. अमेरिकेतल्या एका प्रबंधासाठी वाचकांना वर्तुळं दाखवून एक दुसऱ्याच्या किती पट वाटतं ते विचारलं गेलं. मोठी वर्तुळं लोकांना असतात त्यापेक्षा लहान वाटतात, असं निघालं. त्यावर तोडगा म्हणून घातांक ०.५ ऐवजी ०.५७ करायचा, म्हणजे मोठी वर्तुळं मुद्दाम फुगवायची. हा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्येही गेला.

मला तो कधीच पटला नाही. तो अनेकांच्या अंदाजांची सरासरी आहे, आणि माणसागणिक अंदाज बराच बदलतो. शिवाय शेजारी मोठं वर्तुळ असलं की मधलं आणखी लहान भासतं. एक ठरीव घातांक ते कसं सुधारणार? आपल्या उदाहरणात मुंबईचा व्यास २८ मिमीच्या पुढे जातो आणि तिचं क्षेत्रफळ साताऱ्याच्या दोनशे पट होतं. पट्टी लावून पाहणाऱ्याला हा नकाशा चुकीचंच सांगतो. त्यापेक्षा वर्गमूळच ठेवून सूचीत १ लाख, १० लाख आणि १ कोटीची वर्तुळं एकात एक काढून द्यावीत, म्हणजे वाचक डोळ्याच्या अंदाजावर न राहता ताडून पाहतो.

आता घोटाळा घातांकापेक्षा दुसरीकडेच जास्त होतो. QGIS या नकाशे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये आकार ठरवण्यासाठी `Surface` ही पद्धत निवडली की आपण वर्गमुळावर आहोत असं वाटतं. पण किमान मूल्य साताऱ्याचं व किमान आकार २ मिमी, आणि कमाल मूल्य मुंबईचं व कमाल आकार २०.३ मिमी दिला, तर प्रोग्रॅम वर्गमूळ त्या किमानाच्या वरच्या भागाचं काढतो आणि २ मिमी नंतर मिळवतो. दोन्ही टोकं बरोबर येतात, मधली शहरं फुगतात. कोल्हापूर (५.४९ लाख) ४.३ मिमी हवं, ते ५.४ मिमी होतं. क्षेत्रफळ सुमारे ६० टक्के जास्त. किमान मूल्य आणि किमान आकार दोन्ही शून्य ठेवले की हे जातं. तपासायचं झालं तर लोकसंख्येत चौपट अंतर असलेली दोन शहरं घ्या (पुणे ३१.२ लाख, मुंबई १.२४ कोटी) आणि व्यास दुप्पट भरतो का ते मोजा.