तोडलेली फांदी आणि उरलेलं झाड

बारावीच्या वर्गासाठी सशर्त संभाव्यतेची एक वर्कशीट काढली होती. पिशवीतले लाल-निळे चेंडू काढून काढून मुलं कंटाळलेली असतात, म्हणून या वेळी पहिला प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर घेतला. सुरगाणा, पेठ, कळवण या भागातून नाशिकला शिकायला आलेल्या मुलांना हा शब्द नवा नसतो. प्रश्न असा होता: "आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला हा आजार नाही हे नक्की. तो वाहक असण्याची संभाव्यता किती?"

बऱ्याच जणांनी १/२ लिहिलं. जीवशास्त्रात हेच पाठ झालेलं असतं: दोन वाहकांच्या चार मुलांत एक रुग्ण, दोन वाहक, एक पूर्ण मोकळं. चारात दोन, म्हणजे निम्मं. या उत्तरात आकडेमोड चुकलेली नाही. पण प्रश्नातलं एक वाक्य न वापरताच ते दिलेलं आहे.

हिमोग्लोबिन तयार करण्याची सूचना आपल्याकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला A म्हणू, सिकलच्या प्रतीला S. दोन्ही S आले तर माणूस रुग्ण होतो. एकच S आला तर तो वाहक असतो, सहसा त्याला त्रास होत नाही, पण पुढच्या पिढीला तो S देऊ शकतो. वाहक पालक आपल्या दोन प्रतींपैकी कोणतीही एक देतो, प्रत्येकीची संभाव्यता १/२. आता झाड काढू.

```
वडील    आई      मूल      टोक
 S ──┬── S      रुग्ण     १/४
     └── A      वाहक      १/४
 A ──┬── S      वाहक      १/४
     └── A      मोकळं     १/४
```

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मुलाला आजार नाही हे प्रश्नातच दिलंय. मग रुग्णाची फांदी काढायचीच कशाला?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण सशर्त संभाव्यतेचं सगळं मर्म त्यातच आहे. फांदी काढायची ती तोडण्यासाठी. माहिती मिळण्याआधीचं पूर्ण झाड समोर नसेल, तर माहितीने त्यातलं नेमकं काय काढून घेतलं आणि काय शिल्लक ठेवलं हे कळत नाही.

पहिली फांदी तोडली की तीन टोकं उरतात. त्यांची बेरीज ३/४ होते, आणि संभाव्यतांची बेरीज तर १ यायला हवी. म्हणून उरलेल्या प्रत्येक टोकाला ३/४ ने भागायचं. टोकांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही, फक्त पूर्ण आता लहान झालं आहे.

P(वाहक | आजार नाही) = २/४ ÷ ३/४ = २/३

सिकलसेलच्या रुग्णाला निरोगी भाऊ किंवा बहीण असेल, तर ती व्यक्ती वाहक असण्याची संभाव्यता निम्मी नसते, तीन भागांत दोन भाग असते. जनुकीय समुपदेशनात हा २/३ वारंवार येतो.

झाड काढताना मुलं सर्वाधिक चुकतात ती फांदीवर काय लिहायचं आणि टोकाशी काय लिहायचं यात. फांदीवरचा आकडा नेहमी सशर्त असतो: इथपर्यंत आलो आहोत असं धरलं, तर पुढे याच वाटेने जाण्याची संभाव्यता किती. टोकाशी वाटेवरच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार येतो, म्हणजे ती अख्खी वाट घडण्याची संभाव्यता. तपासायची खूण सोपी आहे. एका बिंदूतून फुटणाऱ्या फांद्यांची बेरीज १ यायला हवी, आणि सगळ्या टोकांची बेरीजही १. यातलं एक जुळत नसेल तर फांदीवरचा आकडा टोकाला किंवा टोकाचा फांदीवर गेला आहे असं समजावं.

दुसरा प्रश्न याच तरुणाचा पुढचा भाग होता. त्याची सोल्युबिलिटी चाचणी झाली. थोडं रक्त एका द्रावणात टाकतात. त्या द्रावणातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं, आणि ऑक्सिजन नसला की सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह, दिसल्या तर निगेटिव्ह. वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळ होतं, त्यामुळे ही चाचणी त्या दोघांत फरक करत नाही. आपल्या तरुणाला आजार नाही हे आधीच ठाऊक आहे, म्हणून प्रश्न फक्त वाहक की मोकळा एवढाच.

वर्कशीटमध्ये हिशेबाला सोपे पडावेत असे आकडे मीच धरले: १०० वाहकांपैकी ९५ जणांत चाचणी पॉझिटिव्ह येते, आणि मोकळ्या १०० जणांपैकी २ जणांत ती चुकून पॉझिटिव्ह येते. तरुणाची चाचणी निगेटिव्ह आली. तो वाहक असण्याची संभाव्यता आता किती?

इथे घाईने "५ टक्के" लिहिलं जातं. पण ५ टक्के ही वाहकाची चाचणी निगेटिव्ह येण्याची संभाव्यता आहे, निगेटिव्ह आलेला माणूस वाहक असण्याची नव्हे. शर्त आणि घटना यांची अदलाबदल झाली. झाडात पाहिलं तर ०.०५ हा आकडा "वाहक"कडून "निगेटिव्ह"कडे जाणाऱ्या फांदीवर बसलेला आहे, आणि आपल्याला मात्र निगेटिव्हकडून उलट मागे यायचं आहे.

अपूर्णांकांत अडकण्यापेक्षा माणसं मोजू. अशा परिस्थितीतले ३०० तरुण घ्या, म्हणजे प्रत्येकाचे आईवडील वाहक आणि स्वतःला आजार नाही. २/३ प्रमाणे २०० वाहक, १०० मोकळे. दोनशे वाहकांपैकी १९० पॉझिटिव्ह, १० निगेटिव्ह. शंभर मोकळ्यांपैकी २ पॉझिटिव्ह, ९८ निगेटिव्ह. आपला तरुण निगेटिव्हच्या गटात आहे. त्या गटात एकूण १०८ जण, त्यातले वाहक १०.

P(वाहक | निगेटिव्ह) = १० ÷ १०८, सुमारे ९.३ टक्के

बेजचं प्रमेय म्हणतात ते हेच. दिसलेल्या निकालाशी जुळणारी सगळी टोकं गोळा करायची, बाकीची तोडायची, आणि आपल्याला हव्या टोकाचा त्या बेरजेतला वाटा काढायचा. पहिल्या प्रश्नात केलं तेच पुन्हा केलं, एवढंच की या वेळी एका फांदीऐवजी दोन फांद्या तुटल्या. टॉमस बेज हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक १७६१ मध्ये वारला. त्याचा या विषयावरचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने रॉयल सोसायटीकडे पाठवला आणि तो १७६३ मध्ये छापून आला. आज पुस्तकात दिसतं त्या सर्वसाधारण रूपाकडे नेणारं काम पुढे लाप्लासने केलं.

आता वर्कशीटमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. चाचणी तीच, आकडे तेच, फक्त माणूस बदलू. घरात सिकलसेलचा कुणी रुग्ण नाही, आणि ज्या लोकसमूहातून तो आला आहे त्यात १०० मागे १ वाहक आहे असं धरू. १०,००० जणांची तपासणी केली तर वाहक १००, मोकळे ९,९००. पॉझिटिव्ह येतील वाहकांतले ९५ आणि मोकळ्यांतले १९८, एकूण २९३. म्हणजे पॉझिटिव्ह आलेला माणूस खरोखर वाहक असण्याची संभाव्यता ९५ ÷ २९३, सुमारे ३२ टक्के. पहिल्या प्रश्नातल्या तरुणाची हीच चाचणी पॉझिटिव्ह आली असती तर १९० ÷ १९२, म्हणजे ९९ टक्के.

नळीतलं द्रावण दोघांचंही सारखंच गढूळ झालं, तरी एकाला "जवळपास नक्की" म्हणावं लागतं आणि दुसऱ्याला "तीनात एक". हा फरक झाडाच्या पहिल्या फाट्यावर लिहिलेल्या आकड्यातून येतो: एकीकडे २/३, दुसरीकडे १/१००. मोकळ्या माणसांची संख्या प्रचंड असली की त्यातला दोन टक्के चुकीचा वाटाही खऱ्या वाहकांपेक्षा मोठा होतो. म्हणूनच मोठ्या तपासणी मोहिमेत सोल्युबिलिटी चाचणी ही पहिली गाळणी असते. पॉझिटिव्ह आलेल्यांचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीला जातं, जिथे विद्युतक्षेत्रात A आणि S हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि त्यांचे पट्टे वेगळे दिसतात. मग वाहक की रुग्ण हेही कळतं.

शेवटच्या प्रश्नाने वर्गात बराच वाद झाला. पहिल्या तरुणाने दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. आता किती? बहुतेकांनी झाडाला आणखी एक पातळी जोडली. १० वाहकांवर पुन्हा ०.०५ लावलं, उरले ०.५. ९८ मोकळ्यांवर ०.९८ लावलं, उरले सुमारे ९६. उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. गुणाकार बरोबर आहे. पण दुसऱ्या पातळीच्या फांदीवर ०.०५ कुणाच्या परवानगीने लिहिलं?

त्या फांदीवरचा आकडा म्हणजे "वाहक आहे आणि पहिली चाचणी निगेटिव्ह आली आहे" या दोन्ही शर्तींखालची संभाव्यता. ती ०.०५ तेव्हाच राहील, जेव्हा दोन्ही वेळच्या चुकांचा एकमेकांशी संबंध नसेल. कुणी रेघा नीट पाहिल्या नाहीत किंवा द्रावण जुनं होतं, तर तसं धरता येईल. पण चाचणी चुकण्याची काही कारणं माणसाच्या रक्तातच असतात. रक्तक्षय फार असेल तर नमुन्यात हिमोग्लोबिनच कमी असतं. नुकतंच कुणाचं रक्त चढवलेलं असेल तर नळीत दुसऱ्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं, सिकलचं कमी. यातलं कारण असेल तर उद्याही तेच रक्त, तीच चूक. फांदीवर ०.०५ ऐवजी १ च्या जवळचा आकडा येतो आणि संभाव्यता ९ टक्क्यांच्या आसपासच अडून राहते, कितीही वेळा नळी भरली तरी.

एका मुलाने उत्तरपत्रिकेत त्या फांदीवर आकडाच लिहिला नाही. फांदीशेजारी त्याने लिहिलं होतं: "याला अलीकडे रक्त चढवलं होतं का?" तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणजे चढवलेलं रक्त तीन-चार महिन्यांपर्यंत नमुन्यात राहू शकतं. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि पुढच्या वर्कशीटमध्ये ते वाक्य प्रश्नातच घातलं.