नवी मुंबईतल्या छोट्या दुकानाचा गुमास्ता: अर्ज कुठे, कागद कोणते, नूतनीकरण कोणाला

छोट्या दुकानाच्या गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदीच्या कागदाचं, दरवर्षी नूतनीकरण लागत नाही. दुकानं-आस्थापनांचा 1948 चा जुना कायदा डिसेंबर 2017 मध्ये गेला, पण ‘यंदाचं रिन्यूअल’ म्हणून पैसे मागणारे अजून भेटतात. नव्या कायद्यात आधी कामगार 10 पेक्षा कमी असले की नोंदणी नव्हती, दुकान सुरू केल्याची फक्त सूचना द्यायची होती. 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 20 केली.

समजा, कोपरखैरण्यात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, पगारी माणसं दोन आणि दुकान 1 जूनला सुरू झालं. 60 दिवसांत, म्हणजे जुलै संपण्याआधी, कामगार विभागाच्या ऑनलाइन सेवेत ‘नमुना एफ’ भरायचा. मालकाचं आधार किंवा पॅन, जागेचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा वीजबिल, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाचा फोटो एवढं हाताशी ठेवा. खर्च म्हणाल तर पोर्टलचं किरकोळ सेवाशुल्क. मिळते ती ‘नमुना जी’ची पावती. व्यवहारात तिलाच गुमास्ता म्हणतात.

अर्ज अडतो तो बहुतेक फोटोवर. शटर खाली, पाटी अर्धी कापलेली किंवा नाव फक्त इंग्रजीत, असं चालत नाही. 2022 पासून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे: देवनागरी नाव आधी, आणि त्याची अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणून आधी पाटी लावा, मग समोरून, नाव वाचता येईल असा फोटो काढा. पाटीवर ‘साई झेरॉक्स’ आणि अर्जात ‘साई एंटरप्रायझेस’ असेल, तर पुढे बँकेत चालू खातं उघडताना हाच फरक नडतो.

दुसरी चूक जिल्ह्याची. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे मात्र बोलण्यात नवी मुंबई असली तरी पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. तिथल्या दुकानासाठी ‘ठाणे’ निवडलंत तर अर्ज भलत्याच कार्यालयाकडे जातो.

कामगार 20 झाले की सूचना पुरत नाही. मग ‘नमुना ए’ भरून नोंदणी करायची. ती जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी मिळते, आणि नूतनीकरण असतं ते हिचं. मुदत संपण्याच्या किमान 30 दिवस आधी अर्ज टाकायचा.

मुदतीनुसार नूतनीकरण लागणारा दुसरा कागद म्हणजे महापालिकेचा व्यवसाय परवाना. खाणावळ, ज्वालाग्राही मालाचा साठा अशा ठरावीक धंद्यांना तो लागतो आणि त्याचा गुमास्त्याशी संबंध नाही. एजंट पैसे मागू लागला तर यातला नेमका कुठला कागद, हे आधी विचारा. ‘नमुना जी’च्या पावतीने जागा अधिकृत ठरत नाही, हेही भाड्याने गाळा घेताना ध्यानात असू द्या.