फोटो जड आहे म्हणून चॅटला दिसत नाही?

“एआय चॅटमध्ये लाइट बिलाचा फोटो टाकला, तर तो ‘मला चित्र दिसत नाही’ म्हणतो. फोटो जड असेल, लहान करून पाठवू का?”

लहान करून उपयोग नाही. फोटो जड असला तर तो बहुधा चढतानाच अडतो आणि तशी सूचना येते. इथे तो चढला आहे, पण उत्तर देणारं मॉडेल, म्हणजे ॲपमागचा एआय प्रोग्राम, बहुधा फक्त मजकूर घेतं. चित्राचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग त्याला जोडलेलाच नसतो. फोटो जोडायचं पिनचं बटण ॲपचं आहे, मॉडेलचं नाही.

काही ॲप मात्र फोटोतली अक्षरं आधी वेगळ्या प्रोग्रामने वाचून तेवढाच मजकूर पुढे देतात. चॅटला चित्र दिसतं हा गैरसमज टिकतो तो इथे, कारण छापील पत्र पाठवलं की ‘दिसलं’ असं वाटतं. लाइट बिलात मात्र रकाने असतात. ते सुटून आकडे एका ओळीत आले, की मागची थकबाकी चालू रक्कम ठरू शकते.

पारख सोपी आहे. कागदावर लाल पेनाने ‘निळा’ लिहा, फोटोच्या फाइलला नुसतं 1.jpg नाव द्या आणि शाईचा रंग विचारा. ‘लाल’ आलं तर चित्र बहुधा पोहोचलं. खात्रीसाठी हिरव्या पेनाने पुन्हा करा. ‘निळा’ आलं तर बहुधा फक्त अक्षरं पोहोचली. काहीच दिसत नाही म्हणाला, तर ते खरं माना.

मग चित्र घेणारं मॉडेल निवडा, नाहीतर बिलातलं मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, युनिट आणि रक्कम नावांसकट टाइप करा.