कॉम्प्युटरला ब्लूटूथ स्पीकर लावायचा की डोंगलवाला?

टेबलावरच्या वायरलेस स्पीकरमधे दोन जाती आहेत, एक ब्लूटूथवाले आणि दुसरे ज्यांच्याबरोबर स्वतःचा छोटा यूएसबी डोंगल येतो. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि बहुतेक डोंगलही तिथेच, त्यामुळे रेडिओत फारसा फरक नाही, फरक आहे तो आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेत.

ब्लूटूथमधे कॉम्प्युटर आवाज आधी कॉम्प्रेस करतो (बहुतेकदा एसबीसी कोडेकने), मग त्याची पॅकेट्स पाठवतो आणि स्पीकर ती आल्याआल्या वाजवत नाही, थोडी साठवून ठेवतो, कारण मधलं एखादं पॅकेट खराब झालं तर ते पुन्हा येईपर्यंत गाणं तुटायला नको. ह्यात 150 ते 250 मिलिसेकंद सहज जातात. 200 धरा, तेवढ्यात हवेतून आवाज साधारण 68 मीटर जातो, म्हणजे स्पीकर समोर असून मैदानाच्या पलीकडून ऐकल्यासारखं! सिनेमात हे सहसा जाणवत नाही कारण प्लेअर चित्रही तेवढंच उशिरा दाखवतो, पण गेममधे किंवा कीबोर्डवर पियानो वाजवताना तुम्ही बटण कधी दाबणार हे आधी कोणालाच माहीत नसतं, मग तिथे उशीर लपणार कसा?

डोंगलवाल्यात दोन्ही टोकं एकाच कंपनीची असतात म्हणून साठा कमी ठेवून चालतं, चांगल्या स्पीकरमधे उशीर 20-40 मिलिसेकंदांवर येतो. शिवाय कॉम्प्युटरला डोंगल म्हणजे साधं यूएसबी साउंड कार्डच वाटतं, पेअरिंगची भानगड नाही.

ब्लूटूथ स्पीकरला माइक असेल तर अजून एक त्रास. मीटिंगच्या अॅपने तो माइक पकडला की स्पीकर कॉलच्या मोडमधे जातो आणि आवाज एकदम फोनसारखा, मोनो होतो, स्पीकर बिघडला असं वाटतं. अॅपमधे माइक लॅपटॉपचाच निवडा, परत ठीक होतो.

डोंगलचं दुखणं वेगळं. यूएसबी 3.0 चे पोर्ट आणि केबल काम करताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओ कचरा फेकतात. शेजारच्या पोर्टमधल्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी करताना आवाज तुटायला लागला आणि कॉपी संपल्यावर थांबला, तर कारण जवळपास नक्की हेच. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब न्या, बहुतेकदा तेवढं पुरतं.

घेताना एक बघा, स्वस्तातल्या काही स्पीकरची यूएसबी पिन फक्त करंटसाठी असते, ती लावून साउंडच्या आउटपुट यादीत नवीन नाव आलं नाही तर तो डोंगल नव्हेच. आणि खरा डोंगल हरवला तर सहसा दुसरा कुठलाही चालत नाही, म्हणून मी तरी ऑक्सची पिन असलेलाच घेईन.