पासपोर्टच्या अर्जात नावाचा क्रम: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव

पुण्यातून पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांकडे नावाचे किमान दोन क्रम असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळ आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव छापते. आधार कार्डावर मात्र सहसा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. दोन्ही कागद बरोबरच असतात. चूक होते ती यांपैकी एक कागद समोर ठेवून त्यावरचे शब्द जसेच्या तसे ऑनलाइन अर्जात उतरवताना, कारण पासपोर्टच्या अर्जात संपूर्ण नावासाठी एकच रकाना नसून `Given Name` आणि `Surname` असे दोन वेगळे रकाने असतात.

`Given Name` म्हणजे फक्त स्वतःचे नाव नव्हे. स्वतःचे नाव आणि त्यापुढे मधले नाव, म्हणजे आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव, दोन्ही याच रकान्यात लिहायची असतात. `Surname` मध्ये आडनावाशिवाय काहीही लिहू नये. उदाहरणादाखल अनुजा दिलीप कदम हे काल्पनिक नाव घेऊ. दहावीच्या प्रमाणपत्रावर ते ‘कदम अनुजा दिलीप’ असे असेल. अर्जात पहिल्या रकान्यात `ANUJA DILIP` आणि दुसऱ्यात `KADAM` असे लिहिले पाहिजे. प्रमाणपत्राचा क्रम तसाच ठेवून शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकला, तर दिलीप हेच तिचे आडनाव ठरते. पासपोर्टच्या तपशिलाच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतील पहिलीत हा फरक स्पष्ट दिसतो:

```
P<INDKADAM<<ANUJA<DILIP<<<
P<INDDILIP<<KADAM<ANUJA<<<
```

(प्रत्यक्षात ही ओळ अशाच चिन्हांनी पुढे भरलेली असते.) दोन बाणांच्या आधीचा शब्द आडनाव आणि नंतरचे शब्द नाव, एवढेच यंत्राला कळते. दुसऱ्या ओळीचा पासपोर्ट हाती आला, की विमानाचे तिकीट, व्हिसा आणि परदेशी विद्यापीठातील प्रवेश अशा सर्व ठिकाणी तिला ‘दिलीप’ या आडनावानेच वावरावे लागेल.

वडिलांच्या नावाचा रकाना वेगळाच असतो आणि त्यालाही स्वतःचे दोन भाग असतात. तेथे नुसते ‘दिलीप’ लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु वडिलांचे संपूर्ण नाव दिलीप रामचंद्र कदम असेल, तर `DILIP RAMCHANDRA` आणि `KADAM` असे भरणे योग्य.

ज्यांच्या कागदपत्रांवर एकच नाव आहे, आडनाव नाही, त्यांनी पासपोर्टच्या अर्जात ते `Given Name` मध्ये लिहून `Surname` रिकामे ठेवावे. पॅनच्या अर्जात नेमके उलट आहे: तेथे आडनावाचा रकाना अनिवार्य असल्याने एकटे नाव त्यात लिहावे लागते. त्यामुळे एका अर्जाची प्रत पाहून दुसरा अर्ज भरणे टाळावे. पॅनसाठी विवाहित स्त्रीनेही वडिलांचेच नाव द्यायचे असते, पतीचे नाही. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्य शासनाने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम ठरवला आहे, म्हणून अशा मुलाचा अर्ज जन्मदाखला समोर ठेवूनच भरावा.

अर्ज सादर करण्यापूर्वी दहावीचे प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला, आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून नावाचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ताडून पाहावा. केवळ क्रम वेगळा असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. मात्र एका कागदावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असेल, किंवा विवाहानंतर आधारवर आडनाव बदलले आणि पॅनवर जुनेच राहिले असेल, तर आधी तो कागद दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हेही तेव्हा विसरू नये. नाव पूर्वी बदललेले असल्यास अर्जातील त्याविषयीच्या प्रश्नाला ‘होय’ असेच उत्तर द्यावे.

मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पहिल्याच, म्हणजे ‘ए’ खिडकीवर, अर्जातील माहिती अर्जदाराला पडद्यावर दाखवली जाते आणि तेथे चूक सांगितली तर ती लगेच सुधारता येते. छायाचित्र आणि बोटांचे ठसे देण्याच्या घाईत या पडद्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक तेथे आडनावाच्या रकान्यात एकच शब्द आहे ना आणि तो आपले आडनावच आहे ना, एवढे पाहिले तरी पुरते. अर्जात चुकीचे भरलेले नाव पासपोर्टवर छापले गेल्यावर मात्र नव्याने पुनर्निर्गमाचा अर्ज करावा लागतो. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टसाठी साधारण प्रक्रियेत पुन्हा १,५०० रुपये शुल्क पडते आणि पासपोर्टचा क्रमांकही बदलतो.